अर्जाची चौकशी: कधी आणि कशी

नोकरीच्या पोर्टलवर अर्ज केल्यावर चौकशी केली तर आपण उतावीळ ठरू, अशी भीती अनेकांना वाटते. माझ्या मते उतावीळपणा दिसतो तो चौकशीच्या वेळेतून आणि समोरच्यावर पडणाऱ्या कामातून. समजा, अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी तुम्ही 2 जूनला अर्ज केला आणि शेवटची तारीख 15 जून आहे. बऱ्याच ठिकाणी छाननी मुदतीनंतरच सुरू होते. म्हणून दिवस मोजायचे ते 15 जूनपासून, आणि साधारण आठवड्याने, म्हणजे 22 च्या सुमारास, ईमेल करायचा. विषयाच्या ओळीतच पदाचे नाव आणि जाहिरातीचा क्रमांक द्यावा, म्हणजे अर्ज शोधावा लागत नाही. मजकूर एवढाच: ‘मी 2 जूनला या पदासाठी अर्ज केला आहे. निवडप्रक्रिया कोणत्या टप्प्यावर आहे, हे कळवू शकाल का?’ ‘माझी निवड झाली का?’ असे विचारू नये. त्याचे उत्तर ईमेल वाचणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात बहुधा नसते.

कुणी म्हणेल, पोर्टलवर स्थिती दिसतेच की. पण ‘अर्ज पाहिला’ याचा अर्थ तो उघडला गेला, इतकाच. पुढची नोंद कंपनीने केली नाही तर ती ओळ तशीच राहते. फोन केल्याने उत्सुकता दिसते, हेही मला पटत नाही. फोनवर समोरच्याला हातातले काम सोडून उत्तर द्यावे लागते, ईमेलला सवडीने देता येते. मात्र ‘फक्त निवडक उमेदवारांशी संपर्क साधू’ असे जाहिरातीत लिहिले असेल, तर विचारू नये. उत्तर आले नाही, तर दोन आठवड्यांनी त्याच ईमेलखाली एकदाच आठवण करावी आणि दरम्यान इतर अर्ज चालू ठेवावेत.