जर्मलचे पातेले आणि चिंचेची आमटी

आज आपण घरातल्या जर्मलच्या पातेल्याविषयी बोलू. जर्मल म्हणजे ॲल्युमिनियम. ते स्वस्त असते, हलके असते, लवकर तापते. म्हणून ते घरोघरी आहे. पण त्यात आंबट शिजवावे का?

मावशी म्हणतात, "अहो, चिंचेची आमटी केली की काळं पातेलं आतनं लख्ख होतं. हे चांगलंच की!"

मावशी, ते काळे गेले कुठे? आमटीत गेले.

जर्मलला हवा लागली, की त्यावर पातळ पापुद्रा चढतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी उकळून उकळून तो जाड होतो, काळपट दिसतो. हा पापुद्रा आतल्या धातूला राखतो. भात, दूध, वरण यांनी तो फारसा जात नाही. चिंच, टोमॅटो, आमसूल, ताक यांचा आंबटपणा मात्र त्याला खातो. मीठ असले की आणखी खातो. मग धातू उघडा पडतो आणि थोडा थोडा अन्नात उतरतो.

किती उतरला तर चालेल? जगातल्या आहार-तज्ज्ञांनी 2011 साली हद्द सांगितली. 50 किलो वजनाच्या माणसाने आठवड्यात 100 मिलिग्रॅमपर्यंत घ्यावे. म्हणजे एका गुंजेपेक्षा थोडे कमी. पोटात गेलेले बहुतेक शौचावाटे जाते. रक्तात थोडेच उतरते, ते मूत्रपिंडे बाहेर टाकतात. म्हणून एखाद्या दिवशी आंबट शिजले, तर घाबरू नका. पण ज्याची मूत्रपिंडे बिघडली आहेत, त्याच्या अंगात ते साठते. त्याचे आंबट जर्मलमध्ये करूच नका.

खरा घोळ वेळेचा आहे. आमटी अर्धा तास शिजली, तर थोडे उतरते. तीच सकाळपासून रात्रीपर्यंत पातेल्यात राहिली, तर जास्त उतरते. मग आमटीला धातूची चव येते. पातेल्याला आत बारीक खड्डे पडतात.

तर असे करा. डाळ जर्मलमध्ये शिजवा. चिंचेचा कोळ शेवटी घाला. एक उकळी आली की आमटी लगेच स्टीलच्या भांड्यात काढा. स्टीलचे पातेले असेल तर आंबट त्यातच करा. लोणचे चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत घाला. नवे जर्मल आणले, तर आधी त्यात दोनचार वेळा पाणी उकळून टाकून द्या.

आता चकचकीत कागद, म्हणजे फॉइल. तेही ॲल्युमिनियमच. फार पातळ. कोरडी पोळी त्यात बांधा, चालेल. पण टोमॅटोची भाजी किंवा लोणचे बांधले, तर काही तासांत त्याला भोके पडतात. कागद उजेडाकडे धरा, भोके दिसतील. तेवढा धातू भाजीत गेला, असे समजा.