नव्या मैत्रीतला एकांत

नव्या मैत्रिणीला 'आज एकटीला राहू दे' हे सांगणं जुन्या मैत्रिणीपेक्षा अवघड का जातं? एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात याचा धागा सापडतो. पहिल्यांदाच भेटून गप्पा मारलेल्या माणसांना, आपण समोरच्याला जितके आवडलो असू असं वाटत होतं, त्याहून ते प्रत्यक्षात जास्त आवडलेले होते. म्हणजे नवी मैत्रीण मनात शंका घेऊनच वावरत असते, आणि नुसता 'नाही' त्या शंकेला दुजोरा देतो. म्हणून नकारातच पुढची भेट हवी. समजा, हॉस्टेलवरची नवी रूममेट रोज जेवणानंतर फिरायला बोलावते. तिला म्हणावं, "दिवसभर माणसांत राहून मी थकते गं, रात्री तासभर गप्प बसले की बरं वाटतं. रविवारी सकाळी मात्र आपण टेकडीवर जाऊ." यात कारण स्वतःचं आहे, वेळेला मर्यादा आहे, आणि बेत आपणहून मांडलेला आहे.

कुणी म्हणेल, एवढं कशाला, डोकं दुखतंय म्हटलं की झालं. एकदा चालेल, पण रोज दुखणारं डोकं तासाभराने फोनवर हसताना दिसलं, की नकार खरोखर तिलाच होता असं ठरतं. एवढं सांगूनही ती खट्टू होईल, हेही शक्य आहे. त्या रात्री समजूत काढत बसू नये. रविवारी ठरल्या वेळेला चपला घालून तयार असावं. तो रविवार चुकवला, तर मात्र आधीचं सगळं बोलणं सबब ठरतं.