आभाळ बघून कोणता मेसेज पाठवायचा
(प्रभाग संघाच्या मासिक बैठकीतलं बोलणं)

मागच्या बैठकीत बऱ्याच जणींनी विचारलं की मूर्तिजापूर रस्त्यावरचा आपला गट रोज सकाळी बरोबर मेसेज कसा टाकतो. उन्हाच्या दिवशी मठ्ठा, पावसाच्या दिवशी गरम भजे. जादू काही नाही. कशी चूक झाली तेही सांगते, कारण चूक माझीच होती.

गटाने चार मेसेज आधीच लिहून, फोटो लावून ठेवलेत: मठ्ठ्याचा, भज्यांचा, पापड-कुरडयांचा, आणि चौथा रिकामा, म्हणजे त्या दिवशी काहीच पाठवायचं नाही. ऑनलाइन तक्त्यातला छोटा प्रोग्राम सकाळी सहा ते सातच्या दरम्यान हवामानाचा अंदाज आणतो, आपले नियम लावतो आणि अध्यक्षताईंना ई-मेल करतो, 'आज भजे'. ताई तो मेसेज व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या ब्रॉडकास्ट यादीवर टाकतात. एका यादीत 256 जणच बसतात आणि ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, म्हणून नवीन गिऱ्हाइकाला आधी नंबर सेव्ह करायला सांगायचं.

नियमांचा क्रम महत्त्वाचा. जूनमध्ये एकाच दिवशी दुपारी 42 अंश आणि संध्याकाळी पाऊस, दोन्ही असतं. मग मठ्ठा की भजे? आपण पावसाला आधी ठेवलं. दुपारी चार ते रात्री आठमध्ये पावसाची शक्यता 60 टक्क्यांच्या वर असेल तर भजे. नसेल आणि तापमान 40 च्या वर असेल तर मठ्ठा. दोन्ही नसेल तर पापड. 60 टक्के म्हणजे अशा दहा दिवसांत साधारण सहा दिवस पाऊस येतो, चार दिवस येत नाही. भज्यांना ते चालतं, कारण पीठ ऐनवेळी कालवता येतं. मठ्ठा मात्र उरला की आंबतो. पण तापमानाचा अंदाज पावसापेक्षा पक्का असतो, म्हणून तिथे फार फसत नाही.

पहिल्या आठवड्यात गडबड झाली. संध्याकाळी कोरडं आभाळ, भज्यांचा मेसेज गेलेला, आणि पाऊस आला रात्री दहाला. ताई म्हणाल्या, "मॅडम, आता भजे कोणाले खाऊ घालू?" शोधलं तर अंदाज ग्रीनिच वेळेत येत होता, आपल्या साडेपाच तास मागे. त्याचे चार म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. ओळखायची सोपी खूण आहे: तासातासाचं तापमान बघा. सगळ्यात जास्त ऊन सकाळी नऊ-दहाला दिसलं तर घड्याळ चुकलंय, कारण आपल्याकडे ऊन तापतं दुपारी तीनच्या सुमारास. प्रोग्राममध्ये `Asia/Kolkata` लिहिलं आणि ते सुटलं.

दुसरी चूक मला अजून बोचते. एप्रिलमध्ये अवकाळी आली. नियमाप्रमाणे मेसेज गेला, "पाऊस आला, गरम भजे तयार!" त्याच दुपारी गारा पडल्या. यादीतल्या एका दादांनी उत्तर दिलं, "आमचा कांदा शेतात पडून हाये, तुम्ही भजे तळा." त्यावर मला काही लिहिताच आलं नाही. आपली गिऱ्हाइकं शेतकरीच आहेत हे प्रोग्रामला माहीत नव्हतं, मला तर माहीत होतं.

गारांचा अंदाज आपण का घेतला नाही? आपण वापरतो त्या ओपन-मेटिओमध्ये गारांसह वादळाचा अंदाज फक्त मध्य युरोपापुरता मिळतो, आपल्याकडे येत नाही. (फुकट आहे म्हणून धंद्याला वापरू नका. बिगर-व्यावसायिक वापरालाच ती सेवा मोफत आहे. आपली फी संघ भरतो.) गारा, वादळ, वीज यांचे जिल्हावार इशारे नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र देतं, पिवळा, नारिंगी, लाल. ते आपल्या तक्त्यात आपोआप येत नाहीत.

म्हणून तक्त्यात एक रकाना वाढवला, 'थांबा'. ताई सकाळी चहा घेताना नागपूरचा इशारा बघतात. अकोल्याला नारिंगी किंवा लाल दिसला की रकान्यात 'हो' लिहितात. हा नियम सगळ्यांच्या आधी लागतो, आणि त्या दिवशी रिकामा मेसेज. इशारा पिवळा असला तरी काढलेलं पीक शेतात उघडं असेल, तर ताई आपल्या मनाने 'हो' लिहितात. मार्च-एप्रिलमध्ये तर भज्यांचा नियमच बंद ठेवतो. पावसाळा लागून पेरणीचा पाऊस झाला की मग चालू करतो, त्या पावसाचा सगळ्यांनाच आनंद असतो.

अमरावतीकडच्या गटांना हेच करायचं असेल तर तक्ता माझ्याकडून घ्या, पण गाव बदला. प्रोग्रामला गावाचे अक्षांश-रेखांश लागतात. मूर्तिजापूरचेच ठेवले तर वरुडच्या ताईंना मूर्तिजापूरच्या पावसाचे भजे तळावे लागतील.