चौकोन दिसले म्हणजे अक्षरं गेली असं नाही

आमच्या कॉलेजच्या मराठी निवेदनाची एकच फाइल गेल्या महिन्यात बेळगावात दोन झेरॉक्स दुकानांत उघडली. पहिल्या ठिकाणी नुसते रिकामे चौकोन. दुसऱ्या ठिकाणी अक्षरं होती, पण ‘विद्यार्थी’ पार मोडलेला. दोघांचंही म्हणणं एकच, फाइल खराब आहे, परत टाइप करा.

फाइल चांगली होती. युनिकोडमध्ये अक्षराचं चित्र साठवत नाहीत, क्रमांक साठवतात. ‘विद्यार्थी’ म्हणजे 10 क्रमांक: व, ऱ्हस्व वेलांटी, द, हलन्त, य, काना, र, हलन्त, थ, दीर्घ वेलांटी. चित्र समोरच्या संगणकातल्या फॉन्टमधून येतं. त्याला देवनागरी फॉन्टच मिळाला नाही, की चौकोन. फॉन्ट आहे, पण सॉफ्टवेअर जुनं आहे आणि जोडाक्षरं जुळवत नाही, तर हे दहा तुकडे आले तसे उभे राहतात. पहिली वेलांटी व-च्या उजवीकडे जाते, रफार वर चढतच नाही.

मग करायचं काय? तीच फाइल मोबाइलवर उघडून बघा. नीट दिसली तर क्रमांक शाबूत आहेत. चौकोन असतील तर मजकूर निवडून फॉन्ट Nirmala UI किंवा Mangal करा. जोडाक्षरं मोडली असतील तर फॉन्ट बदलून बहुतेक भागत नाही. त्यापेक्षा घरूनच पीडीएफ करून न्या, त्यात फॉन्ट सोबत जातो. फक्त ऐनवेळी तारीख बदलायची झाली तर पीडीएफ अडते, म्हणून मूळ फाइलही जवळ ठेवा.

आणि चौकोनांऐवजी प्रश्नचिन्हांची रांग दिसली, तर ती फाइल सेव्ह करू नका. तिथं बहुधा क्रमांकच पुसले गेलेत.