पाच वेळा बंद पडलेली नवी गाडी आणि एक नोटीस



मागच्या वेळी आपण बचत गटाच्या कर्जाचा हिशेब पाहिला होता. आज त्याच कर्जातून घेतलेल्या एका गाडीची गोष्ट सांगतो. गाडी आमच्या गटातल्या अक्कांची, पण तिच्यामागे धावलो आम्ही सगळ्याच.

अक्का औद्योगिक वसाहतीतल्या कामगारांना जेवणाचे डबे पोचवतात. रोजचे चाळीस डबे. दाजी आधी ते मोटारसायकलवरून न्यायचे. डबे वाढले तसं अक्कांनी कर्ज काढून पाच माणसांची नवी कोरी व्हॅन घेतली. गाडीची शोरूममधली किंमत ५ लाख ६० हजार. रस्त्याचा कर आणि विमा धरून ६ लाख ४० हजारांना पडली. १२ जून २०२४ ला गाडी दारात आली, आम्ही ओवाळली, नारळ फोडला.

सोळाव्या दिवशी घाट चढताना गाडी बंद पडली. अर्धा तास थंड झाली आणि पुन्हा चालू झाली. विक्रेत्याच्या वर्कशॉपमध्ये नेली, त्यांनी तीन दिवस ठेवून परत दिली. जुलैमध्ये पुन्हा तेच. मग ऑगस्ट, सप्टेंबर, नोव्हेंबर. पाच महिन्यांत पाच वेळा. दर वेळी तीच तक्रार, इंजिन तापलं की गाडी बंद. कधी पेट्रोलचा पंप बदलला, कधी सेन्सर, कधी वायरी साफ केल्या. सगळे मिळून ४२ दिवस गाडी वर्कशॉपमध्येच होती. कर्जाचा हप्ता मात्र एकदाही थांबला नाही.

अक्का रडकुंडीला आल्या होत्या. "आता भांडायलाच जाते," म्हणाल्या. आम्ही म्हटलं, "अक्का, भांडण करायचंय ते कागदावर करू. आधी पिशवीतले कागद काढा."

पिशवी उघडली आणि पहिली अडचण तिथेच दिसली. गाडी वर्कशॉपमध्ये जमा करताना एक कागद मिळतो, त्याला जॉब कार्ड म्हणतात. त्यावर तारीख, गाडी किती किलोमीटर चालली आणि तुमची तक्रार लिहिलेली असते. पहिल्या दोन जॉब कार्डांवर तक्रारीच्या जागी नुसतं "जनरल चेकअप" लिहिलं होतं. म्हणजे उद्या कुणी विचारलं तर गाडी नेहमीच्या तपासणीला आली होती, असा त्याचा अर्थ होतो. वर "काम समाधानकारक झाले" या ओळीखाली दाजींची सही! गाडी परत मिळावी म्हणून त्यांनी न वाचता केली होती.

तिसऱ्या वेळी मात्र अक्का स्वतः गेल्या होत्या. त्यांनी मराठीतच लिहून घेतलं, "घाटात २० किलोमीटरनंतर इंजिन तापून बंद पडते, हीच तक्रार तिसऱ्यांदा." ही एक ओळ पुढे सगळ्यात जास्त उपयोगी पडली. म्हणून सांगतो, जॉब कार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहून घ्या, मोबाइलवर त्याचा फोटो काढा. दोष गेला नसेल तर समाधानाच्या ओळीखाली सही करू नका. सही करावीच लागली तर वर लिहा, "चालवून पाहिल्यावर सांगू."

कागद लागले, मग आम्ही नोटीस लिहायला बसलो. ग्राहक आयोगात जाण्याआधी नोटीस द्यायलाच हवी अशी कायद्याची सक्ती नाही. तरी ती द्यावी. समोरच्याला एक संधी मिळते, आणि आपण सांगितलं होतं याचा पुरावा राहतो. नोटीस वकिलानेच द्यावी असंही नाही. आमची नोटीस आम्ही साध्या कागदावर, अक्कांच्या नावाने लिहिली. गाडी ज्याच्या नावावर आहे त्याची सही हवी.

नोटीस दोघांना पाठवायची. एक, ज्याने विकली तो विक्रेता. दुसरी, जिने बनवली ती कंपनी. कंपनीच्या मुख्य कार्यालयाचा पत्ता वॉरंटीच्या पुस्तिकेत असतो. दोघांनाही धरायचं कारण नीट समजून घ्या. एकट्या विक्रेत्याला लिहिलं तर तो म्हणतो, गाडी मी बनवली नाही. एकट्या कंपनीला लिहिलं तर ती म्हणते, दुरुस्ती आम्ही केली नाही. शिवाय २०२१ मध्ये गोव्यातल्या एका ग्राहकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की विक्रेत्याने स्वतः केलेल्या चुकीला कंपनी आपोआप जबाबदार धरता येत नाही, कंपनीचा त्यातला हात दाखवावा लागतो. म्हणून कुणाची चूक कोणती ते नोटिशीत वेगवेगळं लिहावं. आमच्या नोटिशीतला मुख्य भाग असा होता:

"मी आपल्याकडून १२ जून २०२४ रोजी नवी व्हॅन घेतली. तिचा चेसिस नंबर, इंजिन नंबर व बिल सोबत जोडले आहे. गाडी वॉरंटीत आहे. सर्व्हिसिंग पुस्तिकेप्रमाणे वेळेवर केले आहे. तरीही इंजिन तापून बंद पडण्याचा एकच दोष पाच वेळा आला. पाचही जॉब कार्डांच्या प्रती सोबत आहेत. गाडी ४२ दिवस वर्कशॉपमध्ये राहिली. त्यातले ३६ दिवस माझ्या कामाचे होते. त्या दिवशी रोज ९०० रुपये भाड्याने गाडी घेऊन मी डबे पोचवले. त्याचे ३२ हजार ४०० रुपये झाले, पावत्या सोबत आहेत.

विक्रेत्याने पाच वेळा दुरुस्ती करूनही दोष काढला नाही, ही सेवेतील त्रुटी आहे. कंपनीने बनवलेल्या गाडीत मुळातच दोष आहे. म्हणून ही नोटीस मिळाल्यापासून १५ दिवसांत याच प्रकारची नवी, निर्दोष गाडी द्यावी, किंवा गाडीची पूर्ण किंमत व्याजासह परत करावी, आणि भाड्याची रक्कम द्यावी. त्याआधी आपला इंजिनिअर माझ्यासमोर गाडी घाटात चालवून पाहू शकतो. तसे न झाल्यास मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करीन."

यात शिव्याशाप नाहीत, "फसवलंत" हा शब्दही नाही. तारीख, आकडा, मागणी, मुदत, एवढंच. दोन्ही नोटिसा स्पीड पोस्टाने पाठवल्या, पोहोचल्याचा पुरावा ठेवला, ईमेलही केला. मूळ कागद मात्र कुणालाच दिले नाहीत, झेरॉक्सच दिल्या.

बाराव्या दिवशी विक्रेत्याचं उत्तर आलं. त्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे गाडीत दोष नाही, चालवणाऱ्याला घाटात गिअर टाकता येत नाही. आणि दुसरी, गाडी धंद्यासाठी घेतली, म्हणून तुम्ही ग्राहकच नाही.

दुसऱ्या मुद्द्याने अक्का घाबरल्या. पण ग्राहक संरक्षण कायदा २०१९ असं म्हणतो की केवळ आपलं पोट भरण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी वस्तू घेतली तर तो व्यापारी हेतू धरत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच हा फरक स्पष्ट केला होता. स्वतः रिक्षा चालवून पोट भरणारा ग्राहक असतो, गाडी घेऊन दुसऱ्याला चालवायला देणारा नसतो. घरच्यांची मदत घेतली म्हणून बिघडत नाही. अक्का डबे करतात, दाजी गाडी चालवतात. पगारी ड्रायव्हर नाही. आपल्यातल्या कुणी धंद्यासाठी गाडी घेतली असेल तर नोटिशीतच हे एक वाक्य घालावं. आम्ही ते विसरलो होतो, म्हणून दुसरं पत्र पाठवावं लागलं.

पहिल्या मुद्द्याचं उत्तर गाडीनेच दिलं. कंपनीचा इंजिनिअर आला, स्वतः चाकावर बसला, आणि घाटात एकतिसाव्या किलोमीटरला गाडी बंद पडली. आम्ही त्याच्याकडून जागेवरच लिहून घेतलं. कंपनीने गाडी बदलून द्यायला नकार दिला, पण सगळी वायरिंग आणि कंट्रोल युनिट फुकट बदलतो म्हणाली.

इथे थोडं थांबून खरं सांगतो. नवी गाडी बिघडली की नवी मिळतेच, असं नाही. सुटा भाग बदलून दोष जात असेल तर पूर्ण गाडी बदलायला लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटलं आहे. दोष गाडीच्या घडणीतच आहे आणि दुरुस्तीने जात नाही, हे आपल्याला दाखवावं लागतं. म्हणून अक्कांनी दुरुस्ती मान्य केली, पण पत्रात लिहिलं, "माझी मागणी कायम ठेवून ही शेवटची संधी देत आहे." एकोणीस दिवसांनी गाडी पुन्हा थांबली. आता दुरुस्तीने भागत नाही हे त्यांच्याच कागदांनी दाखवलं.

मग आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली. आपण राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते, विक्रेत्याच्या शहरात जावं लागत नाही. ५ लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, अक्कांना २०० रुपये भरावे लागले. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. आपण पत्रं पाठवत राहिलो म्हणून ही मुदत वाढत नाही, हे विसरू नका.

आयोगाने प्रकरण मध्यस्थीला पाठवलं. तिथे कंपनी ५ लाख २० हजार परत द्यायला तयार झाली. त्यातले ४ लाख ५ हजार थेट बँकेत कर्जखात्यात गेले आणि १ लाख १५ हजार अक्कांना मिळाले. कर आणि विम्याचे पैसे गेले ते गेलेच, भाडंही सुटलं नाही. अक्का म्हणाल्या, "निम्मं डोकं तरी शांत झालं." त्या पैशात भर घालून त्यांनी जुनी गाडी घेतली. ती घाट चढते.

या सगळ्या काळात अक्कांनी एकही हप्ता चुकवला नाही. पुष्कळजणी इथेच चुकतात. "गाडीच खराब, मग हप्ता कशाला?" असं म्हणून थांबल्या तर बँक गाडी ओढून नेते, आणि ज्या गाडीचा दोष दाखवायचा तीच हातातून जाते. हप्ता बँकेचा, भांडण कंपनीशी, दोन्ही वेगळं ठेवा. आणि गाडी रागाने वर्कशॉपमध्ये टाकून येऊ नका. ठेवायचीच असेल तर कशासाठी ठेवली ते लिहून द्या, पोच घ्या.

तक्रार कशी करायची ते कळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे, त्यावर फोन करा.

आमच्या गटात आता एक नवा नियम झाला आहे. कुणाच्याही घरी नवी गाडी, पंप, गिरणी, फ्रिज काहीही आलं, की बिल आणि वॉरंटी कार्डाची झेरॉक्स गटाच्या फायलीत लावायची. मागच्या महिन्यात दोन फायली झाल्या. एक आटाचक्कीची, दुसरी अक्कांच्या जुन्या गाडीची.