कोपऱ्यातले पू

(खरवई येथील वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

शब्दकोडे सोडवणारे या सभागृहात पुष्कळ असतील. आज आपण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसू या आणि कोडे रचणाऱ्याची एकच अडचण पाहू. चौकट जवळपास भरत आली आहे, एक कोपरा उरला आहे आणि तिथे बसतील असे शब्द हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. अशा वेळी काय करायचे?

आर्थर विन याचे पहिले शब्दकोडे 21 डिसेंबर 1913 रोजी न्यूयॉर्क वर्ल्ड या वृत्तपत्रात छापून आले. इंग्रजीत एका घरात 26 अक्षरांपैकी एक बसते. आपल्याकडे एका घरात काना-मात्रा-वेलांटीसकट आख्खे अक्षर बसते, जोडाक्षरही एकाच घरात. म्हणजे प्रत्येक व्यंजनाची बाराखडी आली. आडव्या शब्दातला ‘त’ आणि उभ्या शब्दातला ‘ता’ एका घरात नांदत नाहीत. म्हणून मराठी चौकटीत काळी घरे जास्त लागतात आणि दोन अक्षरी शब्दही चालवून घ्यावे लागतात.

आता आपल्याच शहराचे नाव घेऊ. चौकटीच्या सगळ्यात वरच्या ओळीत, उजव्या कडेला भिडवून ‘बदलापूर’ लिहिले आहे. पाच घरे: ब, द, ला, पू, र. खालच्या दोन ओळी रिकाम्या आहेत. ‘ला’खाली उतरायचे म्हटले तर लावणी, लागण हे शब्द चटकन सुचतात. पण तिसरी ओळ मग ‘णी’ किंवा ‘ण’ने सुरू करावी लागेल, आणि ‘ण’ने मराठी शब्द सुरू होत नाही. ‘ळ’चेही तेच. तेव्हा ‘ला’खाली काळे घर टाकू. उरला दोन घरे रुंदीचा कोपरा. त्यात ‘पू’ आणि ‘र’ यांच्यापासून खाली उतरणारे तीन अक्षरी दोन शब्द हवेत, आणि त्यांना छेदणारे दोन अक्षरी आडवे शब्दही दोन.

सुरुवात अडचणीच्या बाजूने करायची. ‘र’चे शब्द ढीगभर आहेत, ‘पू’चे मोजके. याचे कारण शुद्धलेखनात आहे. मराठी वळणाच्या तीन अक्षरी शब्दात पहिल्या अक्षराचा उकार बहुधा ह्रस्व असतो: पुरण, पुतळा, पुढारी, पुजारी. दीर्घ ‘पू’ राहतो तो मुख्यतः तत्सम शब्दांत. म्हणून हाती येतात पूजन, पूरक, पूर्वज, पूतना आणि बाहेरून आलेला पूनम. आणखी एखाददुसरा निघेल, फार नाही.

नवखा रचनाकार इथे आवडता शब्द निवडतो आणि बाकीचे त्याच्याभोवती बसवायला जातो. मी शब्द बाजूला ठेवतो आणि घराकडे पाहतो. ‘पू’च्या खालचे घर दोन कामे करते. उभ्या शब्दाचे ते दुसरे अक्षर आहे आणि आडव्या शब्दाचे पहिले. ‘पूर्वज’ इथेच गळाला, कारण ‘र्व’ने शब्द सुरू होत नाही. उरले ज, र, न आणि त.

त्याच्या उजवीकडचे घर ‘र’च्या शब्दाचे दुसरे अक्षर आणि आडव्या शब्दाचे शेवटचे. ‘रसिक’ घालावासा मलाही वाटतो, पण मग आडवा शब्द ‘सि’ने संपेल. 1962च्या शुद्धलेखन नियमांनुसार मराठी शब्दाच्या शेवटची वेलांटी दीर्घ असते. ‘आणि’, ‘नि’ हे अपवाद. एका घरामुळे रसिक गेला.

आता ‘पूरक’ पाहा. यात पहिल्या अक्षराच्या उजवीकडेही ‘र’ आणि खालीही ‘र’. त्यामुळे दुसऱ्या ओळीतला आडवा शब्द हा शेजारच्या उभ्या शब्दाची पहिली दोन अक्षरेच होतो. रवा आणि रवाळ, रस आणि रसद, रग आणि रगडा. शेवटच्या ओळीत कळ, कद, कडा बसतातही. पण सोडवणाऱ्याने तीच दोन अक्षरे दोनदा लिहायची, हे मला पटत नाही. दोष शब्दांचा नाही, जागेचा आहे, म्हणून ‘पूरक’ सरसकट बाद.

‘पूनम’ घेतला तर नस, रसद, मद असा देखणा कोपरा होतो. तरी मी तो घेत नाही. मराठी माणूस पुनव म्हणतो.

‘पूजन’ घेतला तर जव, रवळी, नळी. चारही शब्द कोशातले. पण ‘व’च्या घरात जव आणि रवळी एकमेकांना छेदतात. तांदूळ धुवायची रवळी आजच्या स्वयंपाकघरातून गेली आणि जव फार थोड्यांच्या ओळखीचे. दोन्ही शब्द माहीत नसलेल्याला ते घर तर्काने भरता येत नाही. इंग्रजी कोड्यांच्या जगात अशा घराला ‘नॅटिक’ म्हणतात. 2008मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या एका कोड्यात मॅसॅच्युसेट्समधल्या नॅटिक गावाचे नाव एका चित्रकाराच्या नावाच्या आद्याक्षराला छेदत होते. त्यावरून रेक्स पार्कर या समीक्षकाने हे नाव पाडले. ‘खरवई’ कोड्यात घालायची असेल तर हाच नियम पाळायला हवा. कोल्हापूरच्या वाचकाला आपले गाव ठाऊक नसेल, म्हणून तिची चारही अक्षरे सोप्या शब्दांनी छेदलेली हवीत.

राहिली ‘पूतना’. दुसरी ओळ ‘त’ने, तिसरी ‘ना’ने सुरू. तम, रमणे, नाणे हे तिन्ही सहज बसतात. मात्र शब्द बसले म्हणून काम संपत नाही. एकेका घरातले अक्षर काढून दुसरे घालायचे आणि दोन्ही शब्द जिवंत राहतात का ते पाहायचे. ‘म’च्या जागी ‘ड’ घाला: तड आणि रडणे, दोन्ही जिवंत. शेवटी ‘णे’ आले की कोणतेही क्रियापद आत शिरते आणि घर ढिले पडते. म्हणून हा कोपरा सोडून मी असा भरतो:

पू र
त ग
ना डा

उभे शब्द पूतना आणि रगडा, आडवे तग आणि नाडा. ‘ग’ काढून पाहा. ‘र-डा’मध्ये दुसरे काही मला बसवता येत नाही, ते घर पक्के. ‘डा’च्या जागी मात्र ‘त’ बसतो: नात आणि रगत. बोलीत रगत आहेच. मग ही फट शोधसूत्राने बुजवायची. ‘ना’च्या ओळीला ‘इजार कमरेशी आवळण्याची दोरी’ असे लिहिले की नात आपोआप बाहेर. दोन्ही शब्दांना लागू पडेल असे काही सैल लिहिले तर दोन उत्तरे बरोबर ठरतात आणि तक्रारीची पत्रे येतात. बक्षिसाच्या कोड्यांत तर अशाच सैल घरांवर पैसे लागत. त्या स्पर्धांचे पेव इतके फुटले होते की 1955मध्ये बक्षीस स्पर्धांचा स्वतंत्र कायदा झाला आणि बक्षिसावर महिन्याला हजार रुपयांची मर्यादा आली.

‘तग’ एकटा क्वचितच भेटतो, ‘धरणे’बरोबरच येतो. म्हणून त्याचे शोधसूत्र ‘— धरणे, टिकून राहणे’ असे लिहावे. पूतनेला ‘कृष्णाला विषारी दूध पाजायला आलेली’ एवढे पुरे.

घरी जाऊन ‘अंबरनाथ’ घेऊन बसा. शेवटच्या तीन घरांत र, ना, थ आहेत. ‘थ’ने सुरू होणारे तीन अक्षरी शब्द आधी कागदावर लिहा आणि तिथूनच कोपरा भरायला लागा.