तारीख आणि क्षण

पुण्यातला एक भाऊ आणि न्यू जर्सीतली त्याची बहीण यांच्या सामायिक कॅलेंडरपासून सुरुवात करू. भावाने त्यात दोन नोंदी केल्या. २१ नोव्हेंबरला आईचा वाढदिवस, ही दिवसभराची नोंद. त्याच दिवशी रात्री आठला सगळ्यांनी मिळून व्हिडिओ कॉल, ही वेळेची. बहिणीच्या फोनवर कॉल सकाळी साडेनऊला दिसतो, वाढदिवस मात्र २१ तारखेलाच. एक नोंद साडेदहा तास सरकली आणि दुसरी जागची हलली नाही. दोन्ही बरोबरच आहेत.

कॉल हा एक क्षण आहे. पुण्यात रात्रीचे आठ वाजतात त्याच क्षणी न्यू जर्सीत हिवाळ्यात सकाळचे साडेनऊ वाजलेले असतात. दोघांनी एकाच वेळी फोनसमोर बसायचं, तर प्रत्येकाला तो क्षण आपापल्या घड्याळात दिसायला हवा. वाढदिवसाचं तसं नाही. पुण्यात २१ तारीख लागते तेव्हा तिकडे २० तारखेची दुपार, दीड वाजलेला. म्हणून बहिणीने २० तारखेच्या दुपारपासून वाढदिवस धरायचा का? ती तिच्या २१ तारखेलाच धरणार.

कॅलेंडरची देवाणघेवाण ज्या मानकाने होते, त्या आयकॅलेंडरमध्ये हा भेद स्पष्ट लिहिलेला आहे. या दोन नोंदी फाइलमध्ये अशा दिसतात:

```
DTSTART;VALUE=DATE:20251121
DTEND;VALUE=DATE:20251122

DTSTART;TZID=Asia/Kolkata:20251121T200000
```

पहिल्या जोडीत नुसती तारीख आहे. तास नाही, टाइम झोनही नाही. शेवट २२ तारीख दिसतो, कारण शेवटची तारीख नोंदीत धरत नाहीत. २२ लागण्यापूर्वी नोंद संपते. खालच्या ओळीत तारखेबरोबर वेळ आहे आणि ती वेळ कुठली तेही आहे. तेवढ्यावरून जगातला कुठलाही फोन आपल्याकडचे किती वाजले ते काढू शकतो. वरच्या ओळीत रूपांतर करण्याजोगं काही नाहीच, म्हणून ती कुठेही गेली तरी २१ तारखेचीच राहते.

आता बिघाड कुठे होतो ते पाहू. एखादा प्रोग्रामर दिवसभराची नोंद म्हणजे मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतची चोवीस तासांची नोंद असं धरतो. डेटाबेसमध्ये वेळेचा रकाना तयारच असतो, त्यात तो पुण्याची मध्यरात्र भरतो. यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, ती २० नोव्हेंबरची संध्याकाळ होते, साडेसहाची. बहिणीच्या फोनवर ही नोंद २० तारखेच्या दुपारी दीडपासून २१ च्या दुपारी दीडपर्यंत पसरते. ॲपने त्यातली फक्त सुरुवातीची तारीख दाखवली, तर वाढदिवस थेट २० तारखेला जाऊन बसतो. लंडनच्या भाच्यालाही २० तारीखच दिसते. सिडनीत कुणी असेल तर त्याच्याकडे तो क्षण २१ तारखेच्या पहाटे साडेपाचचा, त्यामुळे तारीख योगायोगाने बरोबर येते आणि त्याची तक्रार येत नाही.

मध्यरात्र पुण्याऐवजी यूटीसीची धरली तर हाच दोष लपून बसतो, आणि मला तो जास्त घातक वाटतो. यूटीसीची मध्यरात्र म्हणजे भारतात त्याच तारखेचे पहाटेचे साडेपाच. पुण्यात बसून कितीही तपासा, तारीख बरोबरच दिसणार. न्यू जर्सीत मात्र हिवाळ्यात तो आदल्या दिवशीचा संध्याकाळचा सातचा ठोका असतो. म्हणून असं सॉफ्टवेअर तपासताना फोनचा टाइम झोन एकदा न्यूयॉर्कचा करून पाहावा. दिवसभराची नोंद एक दिवस मागे गेली किंवा संध्याकाळी सातपासून दुसऱ्या संध्याकाळच्या सातपर्यंत पसरली, की दोष सापडला. १८:३०, ५:३०, १९:०० असे आकडे तारखेच्या जागी डोकावले तरी समजावं, की तारखेला कुणीतरी क्षण करून ठेवलं आहे. उपाय साठवण्यातच आहे. तारीख तारखेच्याच रकान्यात ठेवावी आणि तिच्यावर टाइम झोनचं गणित करूच नये.

पंचांगातली तिथी मात्र या दोन्हींत नीट बसत नाही. ती पृथ्वीवर सगळीकडे एकाच क्षणी लागते, पण सण कुठल्या दिवशी धरायचा हे त्या-त्या गावच्या सूर्योदयावर किंवा मध्यान्हावर ठरतं. त्यामुळे अमेरिकेत एखादा सण एक दिवस आधी येऊ शकतो. तिथे पुण्याची तारीख जशीच्या तशी उचलून चालत नाही.

आणि काही गोष्टी दिवसभराच्या नोंदीत घालूच नयेत. अर्ज भरण्याची मुदत हे त्यातलं नेहमीचं उदाहरण. ‘शेवटची तारीख ३०’ एवढंच कॅलेंडरात टाकलं, तर न्यू जर्सीतल्या मुलीची ३० तारीख संपते तेव्हा भारतात दुसऱ्या दिवसाची सकाळ असते, हिवाळ्यात साडेदहाची, आणि मुंबईतल्या कार्यालयाची खिडकी केव्हाच बंद झालेली असते. अशी मुदत ३० तारखेच्या रात्री ११:५९ ला, टाइम झोन भारताचा निवडून, वेळेची नोंद म्हणून टाकावी. मग तिच्या फोनवर ती ३० तारखेच्या दुपारी १:२९ ला दिसेल, उन्हाळ्यात २:२९ ला, आणि सकाळी अर्ज भरायला वेळ हातात राहील.